आकडी येते ती सिस्ट मरताना

एकोणीस वर्षांची एक मुलगी सकाळी वही उघडून बसली होती. अचानक उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. मग मनगट, मग कोपर. ती घाबरून हाताकडे बघत होती, तोवर झटके खांद्यापर्यंत चढले आणि ती बेशुद्ध पडली. सगळं मिळून दोन मिनिटं. शुद्धीवर आल्यावर उजव्या हातात पेन धरवेना; ती ताकद संध्याकाळपर्यंत परत आली. आधी कधी आकडी आली नव्हती, ताप नव्हता, डोक्याला मार नव्हता.

स्कॅनच्या रिपोर्टवर लिहून आलं: 'डाव्या बाजूला 11 मिलिमीटरचं रिंग एन्हान्सिंग लीजन, भोवती सूज, न्यूरोसिस्टिसर्कोसिसची शक्यता, कोलॉइडल अवस्था.' घरच्यांना यातला 'मेंदूत किडा' एवढाच अर्थ कळला आणि सगळे हादरले. (ही मुलगी म्हणजे एकच अमुक रुग्ण नाही. अशा रुग्णांची नेहमी दिसणारी हकीकत समजावण्यासाठी एकीच्या नावावर घातली आहे.)

या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'न्यूरोसिस्टिसर्कोसिस' नसून 'अवस्था' हा आहे, असं मला वाटतं. आकडी आत्ताच का आली, औषध कोणतं, ते किती दिवस, पुढे काय दिसेल, हे सगळं त्या एका शब्दावर ठरतं.

जंत आतड्यात, सिस्ट मेंदूत: हे दोन आजार आहेत

न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणजे एका परजीवीच्या पिशव्या मेंदूत होणं. या परजीवीचं नाव टीनिया सोलियम. तो एक लांबलचक, फितीसारखा चपटा जंत आहे. त्याचा नेहमीचा प्रवास माणूस आणि डुक्कर यांच्यात चालतो. डुकराच्या मांसात त्याच्या छोट्या पिशव्या असतात. ते मांस अर्धकच्चं खाल्लं तर पिशवीतली अळी माणसाच्या आतड्यात चिकटते आणि दोन-चार मीटर लांबीचा जंत होते. असा जंत आतड्यात असलेल्या माणसाला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो. पण त्याच्या शौचातून जंताचे तुकडे पडत राहतात आणि एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात.

ही अंडी डुकराच्या पोटात गेली की त्याच्या मांसात पिशव्या होतात. तीच अंडी चुकून माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या शरीरात तेच घडतं. अंड्यातली सूक्ष्म अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन बसते. तिथे दोन-तीन महिन्यांत तिची पाण्याने भरलेली पिशवी होते. या पिशवीला पुढे मी सिस्ट म्हणेन. आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव, एका बाजूला चिकटलेला अळीच्या डोक्याचा बारीक दाणा आणि बाहेर पातळ पापुद्रा, इतकीच तिची रचना. डोक्याच्या त्या दाण्याला स्कोलेक्स म्हणतात.

म्हणजे मांसातून पोटात जाते ती पिशवी आणि त्यातून आतड्यात जंत होतो. अंडं मात्र जंत बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून येतं आणि त्यातून मेंदूत सिस्ट होते. हे दोन रस्ते एकात एक मिसळल्यामुळेच बहुतेक गैरसमज होतात.

जिवंत सिस्ट गप्प का बसते?

मेंदूत बसलेली जिवंत सिस्ट वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही. तिला जगायचं असतं आणि जगायचं तर शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेत यायचं नाही. म्हणून ती आपल्या प्रतिकारशक्तीला थोपवणारी द्रव्यं सोडत राहते. आजूबाजूच्या मेंदूला सूज नसते, लाली नसते. पाहुणा घरात येऊन कोपऱ्यात बसला आहे आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नाही, असा प्रकार.

हा काळ किती लांब असू शकतो, याचा जुना आणि भक्कम पुरावा भारतात राहून गेलेल्या ब्रिटिश सैनिकांकडून मिळाला. मायदेशी परतल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना आकड्या येऊ लागल्या. डिक्सन आणि लिप्सकोम या डॉक्टरांनी अशा 450 रुग्णांचा अभ्यास 1961 मध्ये प्रसिद्ध केला. संसर्ग झाल्यापासून पहिली आकडी येईपर्यंत सरासरी सुमारे पाच वर्षं गेली होती आणि काही जणांत त्याहून खूपच जास्त. मायदेशातल्या त्यांच्या आयुष्यात नवा संसर्ग होण्याचं कारण जवळपास नव्हतं, म्हणून हा हिशोब मांडता आला.

मग एके दिवशी सिस्ट थकते. वयाने म्हणा, औषधाने म्हणा, तिचा पापुद्रा कमकुवत होतो आणि आतला द्रव बाहेर झिरपू लागतो. आता पहारेकऱ्यांना पहिल्यांदा तिचा सुगावा लागतो. रक्तातल्या पेशी तिच्याभोवती गोळा होतात, सूज येते, जवळच्या चेतापेशी चिडतात आणि एकदम, नको तेव्हा, संदेश सोडू लागतात. तीच आकडी. मेंदूत बसलेल्या सिस्टमुळे येणाऱ्या बहुतेक आकड्या अशा, सिस्ट मरायला लागल्यावर येतात. त्या मुलीच्या अंगठ्याची हालचाल मेंदूच्या ज्या जागेतून होते, नेमकी तिथेच तिची सिस्ट मरत होती.

स्कॅनवर काय काळं, काय पांढरं

पुढचं समजायला तीन गोष्टी पुरतात. सीटी स्कॅनवर पाणी काळं दिसतं, मेंदू राखाडी आणि हाड किंवा चुना पांढराशुभ्र. एमआरआयमध्ये फ्लेअर नावाचा एक प्रकार असतो. त्यात स्वच्छ पाणी मुद्दाम काळं केलेलं असतं, पण सुजेतलं पाणी आणि गढूळ झालेला द्रव पांढरा उठून दिसतो.

तिसरी गोष्ट कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून दिलेलं द्रव्य. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे सांधे इतके पक्के असतात की हे द्रव्य सहसा बाहेर येत नाही. जिथे दाह होऊन सांधे सैल झाले असतील तिथेच ते झिरपतं आणि ती जागा चकाकते. भिंतीवर ओल दिसली की आतला नळ कुठे गळतोय ते कळतं, तसंच. रिपोर्टमधल्या 'एन्हान्सिंग' या शब्दाचा अर्थ एवढाच: इथे गळती आहे, इथे शरीर लढतंय.

एका सिस्टचं आयुष्य, चार चित्रांत

पहिली अवस्था व्हेसिक्युलर. सिस्ट जिवंत आहे. आतला द्रव स्वच्छ, म्हणून सीटीवर आणि फ्लेअरवर ती गोल, काळी, रेखीव दिसते. कडेला एक पांढरट ठिपका असतो, तोच स्कोलेक्स. भोवती सूज नाही, कॉन्ट्रास्ट दिलं तरी कड फारशी चकाकत नाही. हा ठिपका दिसला की निदानाबद्दल शंका उरत नाही, कारण मेंदूतल्या दुसऱ्या कुठल्याही आजारात काळ्या गोलाच्या कडेला असा दाणा बसलेला नसतो. अनेकदा ही सिस्ट भलत्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडते.

दुसरी कोलॉइडल. सिस्ट मरू लागली आहे. आतला द्रव दाट, गढूळ झाला आहे, म्हणून फ्लेअरवर तो आता काळा होत नाही. भोवती सुजेचा पांढरा ढग पसरतो. कॉन्ट्रास्ट दिल्यावर कड अंगठीसारखी चकाकते. 'रिंग एन्हान्सिंग' म्हणतात ते हेच. सर्वांत जास्त आकड्या याच काळात येतात. रिपोर्ट वाचून ज्या चित्राची सर्वाधिक धास्ती वाटते ते चित्र खरं तर शरीर जिंकायला लागल्याचं आहे. धोका त्या लढाईच्या सुजेचा असतो.

तिसरी ग्रॅन्युलर. पिशवी आक्रसून आत वळली आहे, द्रव जवळपास संपला आहे. स्कॅनवर अंगठीचं भोक बुजत जाऊन जाड कडेची छोटी गाठ दिसते. सूज अजून असते, पण कमी.

चौथी कॅल्सिफाइड. उरलेल्या मृत गाठीवर शरीराने चुना चढवला आहे. सीटीवर काही मिलिमीटरचा पांढराशुभ्र ठिपका, भोवती काही नाही. साध्या एमआरआयमध्ये हा ठिपका सहज निसटतो, म्हणून 'एमआरआय झालाय ना, मग सीटी कशाला?' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. चुना सीटीला चांगला दिसतो, स्कोलेक्स आणि गढूळपणा एमआरआयला.

प्रत्येक सिस्ट चुन्यापर्यंत पोचतेच असं नाही. अनेक सिस्ट तिसऱ्या अवस्थेनंतर काही खूण न ठेवता विरून जातात. आणि एकाच मेंदूत अनेक सिस्ट असतील तर त्या सगळ्या एकाच वयाच्या असतीलच असंही नाही. एक जिवंत, एक मरणारी, एक चुना झालेली, अशा शेजारीशेजारी दिसू शकतात.

या चार चित्रांची एक मर्यादाही सांगायला हवी. ती मेंदूच्या मांसल भागात बसलेल्या सिस्टसाठी आहेत. मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्यांत किंवा बाहेरच्या आवरणांमधल्या जागेत बसलेली सिस्ट वेगळी वागते. ती मोठी होते, तिच्यात अनेकदा स्कोलेक्स दिसत नाही, पाण्याचा रस्ता अडवून डोक्यातला दाब वाढवते. तो आजार जास्त गंभीर आणि त्याचे उपचारही निराळे.

आता त्या मुलीची फिल्म बघू

साध्या सीटीवर डाव्या बाजूला, कपाळ आणि टाळूच्या भागांच्या सीमेवर, बोटं पसरल्यासारखी काळपट सूज. कॉन्ट्रास्टनंतर 11 मिलिमीटरची अंगठी. एमआरआयवर अंगठीच्या आत, मध्यापासून बाजूला, एक दाणा. फ्लेअरवर आतला द्रव काळा झालेला नाही. म्हणजे स्कोलेक्स अजून दिसतोय, पण पाणी गढूळ झालंय: दुसरी अवस्था. बाकी मेंदूत कुठे काही नाही.

रक्ताची तपासणीही केली. ती निगेटिव्ह आली. घरच्यांना वाटलं, निदान चुकलं. पण एकुलती एक सिस्ट असते तेव्हा रक्तात अँटिबॉडी न सापडणं नेहमीचं आहे. ही तपासणी पॉझिटिव्ह आली तर तिला वजन आहे. निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही.

'ही टीबीची गाठ कशावरून नाही?'

हा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण एके काळी भारतातल्या डॉक्टरांनीही इथे चूक केली. सीटी स्कॅन नवीन आले तेव्हा आकडीच्या रुग्णांमध्ये अशा एकेकट्या छोट्या चकाकणाऱ्या गाठी मोठ्या संख्येने दिसू लागल्या. त्या टीबीच्या समजून अनेकांना महिनोन् महिने टीबीची औषधं दिली गेली. गाठ नाहीशी झाली की औषध लागू पडलं असं वाटे. पण औषध न घेतलेल्यांच्या गाठीही नाहीशा होत होत्या.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा काही गाठी शस्त्रक्रियेने काढून तपासल्या. त्यात बहुतेक वेळा सिस्टिसर्कसचे, म्हणजे याच सिस्टचे, अवशेष निघाले. 1989 मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं आणि पुढे ओळखीच्या खुणा ठरवल्या. गाठ एकच असावी, 20 मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी, चकाकणारी असावी, सुजेमुळे मेंदूची मधली रेषा सरकलेली नसावी. आणि रुग्णाकडे बघून: आकडी आहे, पण लकवा दिवसेंदिवस वाढत नाही, डोक्यातला दाब वाढल्याच्या खुणा नाहीत, शरीरात दुसरीकडे टीबी किंवा कर्करोग नाही.

त्या मुलीची गाठ या सगळ्यांत बसते. हाताचा अशक्तपणा संध्याकाळपर्यंत गेला, म्हणजे तो आकडीनंतरचा थकवा होता. तिच्या बाबतीत तर स्कोलेक्सही दिसतोय. टीबीची गाठ बहुधा याहून मोठी, वेड्यावाकड्या कडेची असते आणि तिच्यासोबत ताप, वजन घटणं किंवा वाढत जाणारा अशक्तपणा असतो. तरी या खुणांवर आंधळा विश्वास नको. दोन-तीन महिन्यांनी स्कॅन परत केल्यावर गाठ वाढलेली दिसली तर निदानाचा नव्याने विचार करायचा.

'सिस्ट मरतच आहे, तर मारायचं औषध कशाला?'

हा मला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो. उत्तर अवस्थेप्रमाणे बदलतं.

चुना झालेल्या सिस्टमध्ये मारायला काही उरलेलंच नसतं, तिथे जंताचं औषध देत नाहीत. जिवंत किंवा मरणाऱ्या एक-दोन सिस्ट असतील तर अल्बेंडाझोल देतात: वजनाच्या दर किलोला रोज 15 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस. सिस्ट आपण होऊन मरणार असली तरी औषधाने ती लवकर विरते आणि पुढच्या आकड्या कमी होतात असं दिसलं आहे. मुलीचं वजन 50 किलो, म्हणजे दिवसाला 750. म्हणून 400 ची गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणासोबत, कारण स्निग्ध पदार्थांबरोबर हे औषध जास्त शोषलं जातं.

पण औषधाने सिस्ट मरते म्हणजे द्रव झिरपतो, म्हणजे सूज वाढते. म्हणून सोबत स्टिरॉइड द्यावं लागतं, ते आधी सुरू करून. मुलीचं डोकं तिसऱ्या दिवशी चांगलंच दुखलं; ते याच सुजेमुळे. डोळ्यात सिस्ट नाही ना, हेही आधी पडदा तपासून बघतात, कारण डोळ्याच्या आत अशी सूज झाली तर दृष्टी जाऊ शकते. आणि मेंदूत पुष्कळ सिस्ट एकदम सुजलेल्या असतील तर जंताचं औषध द्यायचंच नाही, आधी फक्त सूज उतरवायची. तिथे सगळ्या सिस्ट एकदम मारणं जिवावर बेतू शकतं. औषधाच्या दुकानातून आणून हा कोर्स परस्पर करू नये, ते यासाठी. मेंदूत काय आहे ते न बघता घेतलेल्या गोळ्यांनी असं काही घडू शकतं.

आकडी थांबवणारी गोळी मात्र पहिल्या दिवसापासून, अवस्था कोणतीही असो. सिस्टचं औषध पंधरा दिवसांत संपतं, ही गोळी चालू राहते. बरेच जण नेमकी ही गोळीच मध्येच सोडतात.

'आमच्या घरात कोणी मांसच खात नाही'

मांस न खाणाऱ्याला आतड्यातला हा जंत होत नाही. मेंदूतली सिस्ट होऊ शकते, कारण तिच्यासाठी लागतं फक्त अंडं आणि ते येतं जंत बाळगणाऱ्या माणसाच्या न धुतलेल्या हातांतून, विष्ठा मिसळलेल्या पाण्यातून, अशा पाण्यावर वाढलेल्या आणि कच्च्या खाल्लेल्या भाजीतून. भाजीत दिसणारी हिरवी अळी डोक्यात जाते ही समजूत मात्र पूर्ण चूक आहे. ती किड्याची अळी. टीनियाची अंडी डोळ्यांना दिसतच नाहीत.

न्यूयॉर्कमधल्या एका कर्मठ ज्यू वस्तीत डुकराचं मांस निषिद्ध, तरी तिथल्या काही कुटुंबांमध्ये या आजाराचे चार रुग्ण सापडले. शोध घेतल्यावर संशय घरात स्वयंपाक आणि कामं करणाऱ्या, दुसऱ्या देशांतून आलेल्या व्यक्तींवर गेला. त्यांच्यापैकी एकीच्या आतड्यात जंत सापडला. हा अहवाल 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. यातून कामवाल्या माणसांकडे बोट दाखवू नये. जंत बाळगणाऱ्याला स्वतःला माहीत नसतं आणि ती व्यक्ती घरातलीच, अगदी रुग्ण स्वतःही असू शकते. म्हणून रुग्णासोबत राहणाऱ्यांची शौचाची तपासणी करावी. आतड्यातला जंत निघाला तर त्यावर एका डोसचं औषध आहे. तेही डॉक्टरांना विचारून.

'ठिपका राहिला, म्हणजे किडा अजून आहे?'

सहा महिन्यांनी मुलीचा स्कॅन परत केला. अंगठी गेली, सूज गेली. सीटीवर त्याच जागी 3 मिलिमीटरचा पांढरा ठिपका उरला. घरच्यांनी अल्बेंडाझोलचा दुसरा कोर्स मागितला. डॉक्टरांनी नकार दिला आणि ते बरोबर होतं. तो किडा राहिलेला नाही, ती त्याची खूण आहे.

पण ही खूण निरुपद्रवी असतेच असं नाही. गाठ पूर्ण विरली असती आणि सहा महिने आकडी आली नसती तर गोळी हळूहळू बंद करता आली असती. ठिपका राहिल्यावर परत आकडी येण्याची शक्यता वाढते, म्हणून तिची गोळी पुढे चालू ठेवली.

सव्वा वर्षाने परीक्षेच्या धावपळीत तिने चार दिवस गोळी घेतली नाही. उजवा अंगठा पुन्हा उडाला. एमआरआयमध्ये त्या जागेभोवती पांढरी सूज दिसली आणि रिपोर्टवर परत 'लीजन विथ इडिमा' लिहून आलं. नवीन सिस्ट झाली असं मानून सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का? इथे जुन्या फिल्म कामाला आल्या. दोन्ही शेजारी लावल्यावर दिसलं की जागा तीच, आत गढूळ द्रव नाही, स्कोलेक्स नाही. सीटीवर तोच 3 मिलिमीटरचा ठिपका, फक्त भोवती सूज. चुना झालेल्या सिस्टभोवती अशी सूज मधूनच येते आणि बहुतेक वेळा आपण होऊन ओसरते. जंताचं औषध दिलं नाही. गोळी परत नियमित सुरू केली, सहा आठवड्यांनी एमआरआय केला, तेव्हा सूज नव्हती आणि ठिपका होता तिथेच होता.